किती अंशांना ‘फ्रीझिंग’ म्हणायचं?

जानेवारीतल्या एका सकाळी मी सँडीफोर्डच्या लुआस स्टॉपवर उभा होतो. फोन ४ अंश दाखवत होता आणि डोंगराकडून येणारा वारा कानात शिरत होता. अंगात दोन स्वेटर असूनही मी कुडकुडत होतो. शेजारच्या आजी हसून म्हणाल्या, “अ बिट निपी, इझंट इट?” त्याच दुपारी ऑफिसात हीटर लावलेल्या १९ अंशांच्या खोलीत एक सहकारी हात चोळत म्हणाली, “आय अ‍ॅम फ्रीझिंग!”

आता शाळेत आपल्याला शिकवलेली शिडी आठवा. सगळ्यात खाली फ्रीझिंग, मग कोल्ड, चिली, निपी, कूल, मग ल्यूकवॉर्म, वॉर्म, हॉट आणि वर स्कॉर्चिंग. प्रत्येक शब्दापुढे एक मराठी प्रतिशब्द, की झालं पाठ. माझं म्हणणं असं की ही शिडीच चुकीची आहे आणि ती आपल्या मुलांना शिकवणं आपण थांबवायला हवं. हे शब्द तापमान मोजत नाहीत. नेहमीच्या अपेक्षेपासून आपण किती दूर आलो, हे ते सांगतात.

इथल्या मराठी मंडळींचा आवडता विनोद घ्या. जून-जुलैत २५ अंश झाले की इथली माणसं ‘स्कॉर्चिंग’ म्हणतात, आणि आपण खो खो हसतो. ‘यांना एकदा मे महिन्यात नागपूरला न्या!’ हा विनोद मला अजिबात पटत नाही. डब्लिनमध्ये जुलैतलं दुपारचं तापमान साधारण १९-२० अंश असतं. इथली हवामान संस्था मेट एरन सलग पाच दिवस कमाल तापमान २५ अंशांच्या वर गेलं की उष्णतेची लाट म्हणते. आयर्लंडचा आजवरचा उच्चांक ३३.३ अंश आहे, तोही १८८७ सालचा. या देशात २५ अंशांचा दिवस खरोखरच वेगळा असतो.

आणि आपण काय वेगळं करतो? मुंबईत पारा १५ अंशांवर आला की कानटोप्या निघतात आणि बातम्यांत ‘मुंबईकर गारठले’ असा मथळा येतो. त्यावर सँडीफोर्डच्या आजींनी हसावं का? आपलं भारतीय हवामान खातंही हेच तत्त्व मानतं. उष्णतेची लाट जाहीर करण्याच्या त्यांच्या एका मुख्य निकषात मैदानी भागासाठी नुसते ४० अंश पुरत नाहीत. तापमान तिथल्या सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असावं लागतं. किनारपट्टीला आरंभीची मर्यादाच ३७ अंशांची आहे. म्हणजे सरकारी व्याख्येतही ‘कुठे’ आणि ‘नेहमीपेक्षा किती’ हे प्रश्न आलेच.

दुसरा प्रश्न ‘कशाबद्दल?’ हा. शिडी तो विचारतच नाही. दिवस चिली असतो, पण पेय चिली नसतं. ते चिल्ड असतं. निपी हा शब्द हवेचा. निप म्हणजे चिमटा, नाकाला-बोटांना थंडी चिमटा काढते म्हणून निपी. तुम्ही म्हणाल, मग आपली ‘बोचरी थंडी’ तीच की. प्रतिमा जवळपास तीच, पण वजन वेगळं. बोचरी थंडी ही तक्रार असते. निपी हा शब्द बहुधा हसत म्हटला जातो. प्रतिमा जुळली म्हणून जोर जुळत नाही. तसंच दिवस स्कॉर्चिंग असतो, पण जीभ भाजणाऱ्या चहाला स्कॉल्डिंग म्हणतात.

सगळ्यात जास्त फसवतो तो ल्यूकवॉर्म. तो शिडीच्या मधोमध बसलेला, म्हणून आपल्याला वाटतं की हा निरुपद्रवी शब्द. दिवसाला तो लागत नाही, जसं आपणही ‘कोमट दिवस’ म्हणत नाही. पण पेयाच्या बाबतीत तो बहुतेकदा ठपका असतो. ल्यूकवॉर्म चहा म्हणजे निवलेला चहा, ल्यूकवॉर्म बिअर म्हणजे गार न राहिलेली बिअर. एक वरून खाली आली, दुसरी खालून वर गेली, आणि दोन्ही बेचव. आपला ‘कोमट’ मात्र घरातला सोज्वळ शब्द आहे. सकाळी कोमट पाणी प्यावं, कोमट पाण्याने गुळण्या कराव्यात. तुम्ही आयरिश पाहुण्याला प्रेमाने “ल्यूकवॉर्म वॉटर देऊ का?” विचारलंत, तर त्याला ते विचित्र वाटेल. तिथे ‘वॉर्म वॉटर’ म्हणा. पाणी तेच, अंश तेच, फक्त शब्दाचं वजन बदललं.

तिसरी गोष्ट म्हणजे शब्दाचा जोर ओळखायची परीक्षा. शब्दाआधी ‘अ बिट’ लावून पाहा, मग ‘अ‍ॅब्सोल्युटली’ लावून पाहा. ‘अ बिट चिली’, ‘अ बिट निपी’ सहज चालतं. ‘अ‍ॅब्सोल्युटली चिली’ कानाला खटकतं. फ्रीझिंग आणि स्कॉर्चिंगचं नेमकं उलट. त्यांना ‘अ‍ॅब्सोल्युटली’ शोभतं, आणि ‘अ बिट फ्रीझिंग’ कुणी म्हटलं तर ती थट्टा समजावी. मराठीतही ‘जरा गारवा आहे’ म्हणतो, ‘जरा कडाक्याची थंडी आहे’ म्हणत नाही. ही परीक्षा दहा वर्षांच्या मुलालाही जमते, आणि ती शिडीपेक्षा जास्त शिकवते.

हा सगळा शब्दांचा कीस वाटेल, म्हणून माझी एक चूक सांगतो. इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात माझ्या भाड्याच्या फ्लॅटमधलं हीटिंग बंद पडलं. खोलीत १३ अंश होते आणि आई नुकतीच सोलापूरहून आली होती. मी सभ्यपणे एजंटला मेल लिहिला की फ्लॅट ‘अ बिट चिली’ आहे. चार दिवस कुणी फिरकलं नाही. आई शाल गुंडाळून ओट्यापाशी बसायची. पाचव्या दिवशी एका आयरिश सहकाऱ्याने तो मेल वाचला आणि कपाळाला हात लावला. “हे वाचून कुणालाही वाटेल की तू खिडकी उघडी ठेवली आहेस!” तो म्हणाला.

मग मी ‘फ्रीझिंग’ लिहू का, असं विचारलं. तो म्हणाला, तेही नको, इथे १९ अंशांतही लोक फ्रीझिंग असतात. अतिशयोक्तीने तो शब्द झिजलेला आहे. शेवटी मी लिहिलं: बैठकीच्या खोलीत १३ अंश, चार दिवसांपासून, घरात ६८ वर्षांची व्यक्ती, आणि जागतिक आरोग्य संघटना घरात किमान १८ अंश सुचवते. सोबत थर्मामीटरचा फोटो. दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस दारात हजर.

तेव्हा चार दिवस आई गारठली ती माझ्या शिडीमुळे. मी ‘चिली’ला ‘गारठा’ समजलो होतो, आणि आपल्याकडे गारठा म्हटलं की लोक शेकोटी पेटवतात. म्हणून मुलांना शब्द जरूर शिकवा, पण दिवस की पेय, कुणाच्या नेहमीपेक्षा, आणि आधी ‘अ बिट’ चालतं का, या तीन प्रश्नांसकट शिकवा. स्टॉपवरच्या गप्पांत निपी म्हणा, उन्हाळ्यात खुशाल स्कॉर्चिंग म्हणा. मात्र कुणाकडून काम करून घ्यायचं असेल, तर विशेषण गाळा आणि अंश लिहा.