एआयला जुने आठवते. पण नेमके हवे तेच आठवते का?

चॅटबॉटचे उत्तर चुकले की आपण पटकन म्हणतो, ‘एआयने मनाचे काहीतरी ठोकून दिले.’ पण प्रत्येक वेळी तसे नसते. कित्येकदा मॉडेलच्या हातात चुकीचा कागद दिलेला असतो आणि त्याने तो इमानेइतबारे वाचून उत्तर दिलेले असते. कागद शोधून देणारी यंत्रणा वेगळी असते. चूक तिची आणि बोल मॉडेलला, असा हा प्रकार. तो नेमका कसा घडतो, हे समजून घेऊया.

‘आठवण’ म्हणजे काय?

काही एआय अॅप तुमचे जुने संवाद लक्षात ठेवतात. पण मॉडेलला प्रत्येक वेळी सगळा इतिहास वाचायला देणे खर्चिक असते. म्हणून जुन्या मजकुराचे छोटे तुकडे केले जातात. ‘एम्बेडिंग’ मॉडेल प्रत्येक तुकड्याचे रूपांतर आकड्यांच्या एका लांब यादीत करते. यादीत ३८४, ७६८ किंवा त्याहूनही जास्त आकडे असू शकतात. या यादीलाच व्हेक्टर म्हणतात.

तुम्ही नवा प्रश्न विचारला की त्याचाही व्हेक्टर तयार होतो. मग साठवलेल्यांपैकी त्याच्या सर्वात जवळचे तीन, पाच किंवा दहा तुकडे उचलून प्रश्नासोबत मॉडेलला दिले जातात. सगळी गोम ‘जवळचे’ या शब्दात आहे. इथे जवळचे म्हणजे विषयाने सारखे. उत्तरासाठी उपयोगी असेलच, असे नाही.

गुडघेदुखीचे उदाहरण

समजा, एक मुलगी घरच्यांच्या आजारपणाबद्दल असे एक अॅप अनेक महिने वापरते आहे. आज ती विचारते, ‘आईचा गुडघा खूप दुखतोय, आयबुप्रोफेन देऊ का?’ अॅपकडे तिचे जुने चार तुकडे आहेत. शेजारचे गुण फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. १ च्या जितके जवळ, तितके साम्य जास्त.

- ‘गुडघेदुखीसाठी त्यांना डॉक्टरांनी आयबुप्रोफेन दिली. दोन दिवसांत आराम पडला.’ – ०.७८
- ‘गुडघ्यासाठी रोज कोणता व्यायाम करावा?’ – ०.७०
- ‘आयबुप्रोफेन जेवणाआधी घ्यायची की नंतर?’ – ०.६९
- ‘आईचा रिपोर्ट आला. क्रिएटिनिन १.९ आहे. किडनीच्या डॉक्टरांकडे जायचे आहे.’ – ०.४४

अॅप पहिले तीन तुकडे उचलणार असे ठरलेले आहे. त्यामुळे चौथा बाहेर राहतो. खरे तर या प्रश्नासाठी तोच एकटा महत्त्वाचा होता. वाढलेले क्रिएटिनिन किडनीचे काम मंदावल्याची खूण असू शकते आणि अशा रुग्णाला आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके डॉक्टरांना विचारल्याशिवाय देणे धोक्याचे असते. पण त्या तुकड्यात ना गुडघा आहे, ना गोळीचे नाव. किडनीचा त्या गोळीशी असलेला संबंध हे वैद्यकीय ज्ञान आहे आणि साम्य मोजताना ते पुरेसे उतरत नाही.

पहिला तुकडा तर त्याहून फसवा आहे. तो वडिलांबद्दलचा होता. ‘बाबांचा गुडघा सुजलाय’ हे वाक्य आधीच्या तुकड्यात राहिले आणि या तुकड्यात उरले फक्त ‘त्यांना’. मराठीत आदरार्थी ‘त्यांना’ बाबांनाही चालते आणि आईलाही. मॉडेलसमोर आता प्रश्न आईचा आहे आणि हातात ‘त्यांना’ गोळी लागू पडल्याची नोंद. ही गोळी आईला पूर्वी चालली होती, असा निष्कर्ष निघणे अगदी स्वाभाविक आहे. त्यातही ‘तुमच्या जुन्या माहितीनुसार’ असे शब्द उत्तराला जोडलेले असले, तर विचारणाऱ्याचा विश्वास आणखीच बसतो.

मॉडेल नको ते बाजूला का सारत नाही?

माणूस असा कागद बघून ‘हे इथे कशाला?’ असे म्हणेल. मॉडेलला ते दर वेळी जमत नाही. २०२३ मध्ये गूगलमधील संशोधकांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासात शालेय गणिताच्या उदाहरणांत मुद्दाम एकेक असंबद्ध वाक्य घातले गेले. गणित तेच, उत्तर तेच. तरीही मॉडेलची अचूकता ठळकपणे घसरली. समोर दिले आहे म्हणजे ते कामाचेच असणार, असे मॉडेल बऱ्याचदा धरून चालते. पूर्णपणे भलत्या विषयाचा तुकडा आला, तर तो ओळखणे तुलनेने सोपे असते. विषय तोच पण माणूस दुसरा, किंवा माणूस तोच पण तारीख जुनी, असा तुकडा जास्त घात करतो.

यात भर पडते ती एका साध्या नियमाची. ‘जवळचे तीन आण’ असे सांगितले की यंत्रणा तीन आणतेच. साठ्यात कामाचे काहीही नसले, तरी त्यातल्या त्यात जवळचे तीन असतातच.

मग ०.७ च्या खालचे सगळे टाकून द्यायचे?

हा उपाय लगेच सुचतो, पण वरच्या उदाहरणात तोच घोटाळा करतो. घातक तुकडा ०.७८ वर आहे आणि कामाचा ०.४४ वर. शिवाय एका एम्बेडिंग मॉडेलचे ०.७ आणि दुसऱ्याचे ०.७ सारखे नसते. किमान गुणांची अट कचरा कमी करते. माणूस ओळखत नाही.

खरा उपयोग होतो तो तुकडा साठवतानाच त्यावर चिठ्ठी लावण्याचा: कोणाबद्दल, कोणत्या तारखेचा, कशाविषयी. मग आईचा प्रश्न आला की आधी आईचेच तुकडे गाळून घेता येतात. वरच्या उदाहरणात एवढ्यानेच बाबांची नोंद बाहेर गेली असती आणि आईचा रिपोर्ट आत आला असता. दुसरा उपाय ‘रिरँकर’चा. हे मॉडेल प्रश्न आणि तुकडा एकत्र वाचून क्रम पुन्हा लावते. पण ते आधी निवडलेल्या तुकड्यांतूनच निवडते. चौथा तुकडा पहिल्या गाळणीतच अडकला, तर रिरँकर त्याला परत आणू शकत नाही.

दोन गोष्टी सक्तीच्या हव्यात

माझ्या मते, जुनी माहिती वापरून उत्तर देणाऱ्या कोणत्याही अॅपने दोन गोष्टी केल्याच पाहिजेत. पहिली, शोधयंत्रणेला रिकाम्या हाताने परत येण्याची मुभा. कामाचे काही सापडले नाही, तर मॉडेलला तसे कळावे आणि त्याने विचारणाऱ्याला उलट प्रश्न करावा. दुसरी, उत्तराखाली वापरलेले तुकडे तारखेसह दाखवावेत. त्या मुलीला ‘त्यांना’वाली नोंद दिसली असती, तर ही बाबांची गोष्ट आहे हे तिला एका नजरेत कळले असते. अधिक मोठे मॉडेल आणल्याने हे काम होत नाही, कारण जो तुकडा त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही, तो मोठे मॉडेलही वाचू शकत नाही.

तोवर तुम्ही एक करू शकता. औषध, पैसा किंवा कायद्याचा प्रश्न असेल, तर ‘त्याला आठवत असेल’ यावर विसंबू नका. कोणाबद्दल विचारता आहात, वय, आजार, ताजा रिपोर्ट हे सगळे प्रश्नातच पुन्हा लिहा. तोच प्रश्न अॅपची मेमरी बंद करूनही विचारून बघा. दोन उत्तरांत मोठा फरक पडला, तर जुना तुकडा मध्ये आला असण्याची शक्यता आहे. आणि गोळीचा अंतिम निर्णय दोन्ही वेळा डॉक्टरांचाच.