टू-बी जुळवणं हे सीएचं काम नाही, दुकानदाराचं आहे



ट्रेनिंगला येणारे छोटे व्यापारी मला सगळ्यात जास्त वेळा एकच प्रश्न विचारतात. "सर, खरेदीवर एवढा जीएसटी भरलाय, बिलं फाईलला लावलीत, तरी सीए म्हणतात खिशातून अजून टॅक्स भरा. असं कसं?" आणि त्याच्या मागोमाग दुसरं वाक्य येतं, "आमचे सीए बरोबर बघत नाहीत वाटतं."

या दुसऱ्या वाक्याशी मी सहमत नाही. खरेदीची बिलं पोर्टलवरच्या नोंदींशी जुळवणं हे दुकानात बसून करायचं काम आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. माल कधी उतरला, बिल कुठल्या नंबरावर फाटलं, सप्लायरशी काय बोलणं झालं होतं, हे फक्त तुम्हाला माहीत असतं. सीएकडे जातो तो कागद. का म्हणतोय, ते एका उदाहरणावरून बघू.

समजा, कराडमध्ये तुमचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. तुम्ही रेग्युलर स्कीममध्ये आहात आणि दर महिन्याला रिटर्न भरता. (कंपोझिशनवाल्यांना खरेदीचं क्रेडिट मिळतच नाही, त्यामुळे हा हिशोब त्यांच्यासाठी नाही.) ऑक्टोबर महिन्यात तुम्ही ३,००,००० रुपयांची विक्री केली. वायर, स्विच, सगळा माल १८ टक्क्यांचा. म्हणजे गिऱ्हाइकांकडून तुम्ही ५४,००० रुपये जीएसटी गोळा केला, २७,००० सीजीएसटी आणि २७,००० एसजीएसटी. तो सरकारला द्यायचा आहे.

आता खरेदीची तीन बिलं बघा.

पहिलं पुण्याच्या होलसेलरचं. माल १,५०,००० चा, टॅक्स २७,०००.
दुसरं कोल्हापूरच्या एका छोट्या सप्लायरचं. माल ६०,००० चा, टॅक्स १०,८००.
तिसरं राजकोटच्या पार्टीचं. माल ४०,००० चा, परराज्यातला म्हणून आयजीएसटी ७,२००. बिलाची तारीख ३० ऑक्टोबर, पण गाडी दुकानासमोर लागली ४ नोव्हेंबरला.

तिन्ही बिलांवरचा टॅक्स मिळून ४५,००० होतो. तुम्ही मनात हिशोब मांडता, ५४,००० वजा ४५,०००, म्हणजे ९,००० भरायचे. आणि सीएंचा फोन येतो, "२७,००० भरावे लागतील." तिप्पट! ऐन दिवाळीच्या उधारीनंतर हा फोन आला की कोणाचंही डोकं फिरेल. पण सीए बरोबर बोलतायत.

बिल हातात आहे म्हणजे क्रेडिट हातात आहे, असं नसतं. सप्लायरने ते बिल त्याच्या GSTR-1 मध्ये तुमच्या GSTIN वर दाखवलं पाहिजे. तसं केलं की ते तुमच्या GSTR-2B मध्ये दिसतं. १ जानेवारी २०२२ पासून कायदाच असा आहे की टू-बी मध्ये नसलेल्या बिलाचं क्रेडिट त्या महिन्यात घेता येत नाही. महिन्याने रिटर्न भरणारा सप्लायर पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आर-वन भरतो, १४ तारखेला तुमचा टू-बी तयार होतो आणि २० तारखेपर्यंत तुम्हाला GSTR-3B भरायचा असतो. म्हणजे जुळवायला तुमच्या हातात १४ ते २० हेच सहा दिवस असतात.

आता आपल्या तीन बिलांचं काय झालं?

पुण्याचं बिल टू-बी मध्ये आलं. नंबर, तारीख, रक्कम, सगळं जुळलं. २७,००० पक्के.

कोल्हापूरचं बिल दिसतच नाही. कारण तो सप्लायर तिमाही रिटर्नवाला आहे. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर असे तीन महिने मिळून तो आर-वन भरणार १३ जानेवारीपर्यंत. तेव्हा कुठे तुमचे १०,८०० रुपये १४ जानेवारीच्या टू-बी मध्ये उगवणार. तोपर्यंत ते अडकले.

राजकोटचं बिल टू-बी मध्ये आहे, पण माल ऑक्टोबरमध्ये आलाच नव्हता. माल ताब्यात आल्याशिवाय क्रेडिट नाही, हीसुद्धा कायद्याची अट आहे. त्यामुळे हे ७,२०० नोव्हेंबरच्या रिटर्नमध्ये घ्यायचे. इथे एक बटण कामाला येतं. पोर्टलवर IMS नावाचं पान आहे, सप्लायरने टाकलेली बिलं तिथे येतात. प्रत्येक बिलापुढे Accept, Reject, Pending असे पर्याय असतात. काहीच केलं नाही तर बिल मान्य केलं असं धरलं जातं. राजकोटच्या बिलाला Pending करा, टू-बी पुन्हा काढा, आणि माल उतरल्यावर पुढच्या महिन्यात Accept करा. आता सांगा, गाडी ४ तारखेला आली हे सीएंना कसं कळणार? ते टू-बी बघून ७,२०० घेऊन टाकतील आणि चूक तुमच्या नावावर राहील.

म्हणून ऑक्टोबरचा खरा हिशोब असा. ५४,००० वजा २७,०००, भरायचे २७,०००. उरलेले १८,००० बुडालेले नाहीत. ७,२०० पुढच्या महिन्यात आणि १०,८०० जानेवारीत परत येतील.

इथे बरेच जण एक शॉर्टकट मारतात. "बिल तर आहे ना माझ्याकडे, थ्री-बी मध्ये ४५,००० टाकून द्या." आकडा टाकता येतो, रिटर्न भरलंही जातं. पण थ्री-बी मधलं क्रेडिट टू-बी पेक्षा ठरावीक मर्यादेपलीकडे जास्त दिसलं की पोर्टलवर DRC-01C येते. सात दिवसांत फरक व्याजासकट भरा नाहीतर कारण द्या. चुकीचं घेऊन वापरलेल्या क्रेडिटवर व्याज वर्षाला १८ टक्के. माझ्या मते हा शॉर्टकट म्हणजे महागड्या व्याजाने घेतलेलं कर्ज आहे.

आता माझा मुद्दा. न जुळणाऱ्या सगळ्या बिलांना घाबरायचं कारण नाही, पण सगळ्यांना सारखं मोजूही नका. मी त्यांचे तीन ढीग करतो.

पहिला ढीग उशिराचा. कोल्हापूरचं बिल या ढिगात. १०,८०० रुपये दोन महिने अडकले, तर महिना दीड टक्क्याने त्याची किंमत होते ३२४ रुपये. ६०,००० च्या मालावर अर्ध्या टक्क्याच्या आसपास. तो सप्लायर इतरांपेक्षा एक टक्का स्वस्त देत असेल तर ६०० वाचतात, तरीही तुम्ही फायद्यात. "तिमाहीवाल्याकडून घेऊच नका" असा सल्ला सरसकट दिला जातो, तो मला पटत नाही. शिवाय त्याला एक विनंती करता येते. तिमाहीवाल्यांना पहिल्या दोन महिन्यांची व्यापाऱ्यांना दिलेली बिलं IFF मध्ये १३ तारखेपर्यंत टाकता येतात. त्याने ते केलं असतं तर तुमचे १०,८०० ऑक्टोबरच्याच टू-बी मध्ये आले असते. अनेक सप्लायरना कोणी सांगितलेलंच नसतं. तुम्ही सांगा.

दुसरा ढीग चुकीचा. तुमच्या GSTIN मधलं एक अक्षर चुकलं, किंवा बिल साध्या गिऱ्हाइकाच्या विक्रीत टाकलं गेलं, किंवा रकमेत शून्य कमी पडलं. हे आपोआप कधीच सुटत नाही. सप्लायरने दुरुस्ती केली तरच सुटतं. म्हणून बिल हातात आल्या आल्या, माल मोजतानाच, त्यावरचा स्वतःचा पंधरा अक्षरी नंबर वाचायचा. महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने, पुढची दहा अक्षरं तुमचा पॅन. दहा सेकंदांचं काम. आणि थांबायला वेळ अमर्याद नाही. २०२५-२६ मधल्या बिलाचं क्रेडिट ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंतच घेता येतं, आणि वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तोपर्यंतच.

तिसरा ढीग बुडिताचा. सप्लायर आर-वन भरतच नाही, किंवा आर-वन भरतो पण थ्री-बी भरत नाही, म्हणजे तुमच्याकडून घेतलेला टॅक्स सरकारला देतच नाही. दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण बिल टू-बी मध्ये दिसतं आणि तुम्ही निर्धास्त राहता. पण वर्ष संपल्यानंतरच्या ३० सप्टेंबरपर्यंत त्याने त्या महिन्याचा थ्री-बी भरला नाही, तर तुम्हाला घेतलेलं क्रेडिट ३० नोव्हेंबरपर्यंत परत करावं लागतं. त्याने नंतर भरला तर पुन्हा घेता येतं, पण तोपर्यंत पैसे तुमचे गेलेले. दुसऱ्याच्या चुकीचा भार खरेदीदारावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. पण कायदा बदलेपर्यंत दुकान चालवायचंय.

इथे एक टक्का स्वस्त मिळाल्याचा काही उपयोग नाही, कारण पणाला १८ टक्के लागलेत. म्हणून नवीन पार्टीला पहिली ऑर्डर देण्याआधी gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये तिचा GSTIN टाका. लॉगिनसुद्धा लागत नाही. खाली Show Filing Table दाबलं की तिने कुठलं रिटर्न कधी भरलं ते दिसतं. आर-वन आणि थ्री-बी दोन्ही बघा. मागचे तीन-चार महिने थ्री-बी रिकामा दिसला तर माल कितीही स्वस्त असो, मी तिथून घेत नाही.

आणि पेमेंटची अट आधीच ठरवा. मालाची रक्कम ठरलेल्या उधारीवर, टॅक्सची रक्कम बिल टू-बी मध्ये दिसल्यावर. हे ऑर्डर देताना बोलायचं, नंतर पैसे अडवून भांडण करायचं नाही. फक्त बिलाची पूर्ण रक्कम, टॅक्स धरून, बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्या. नाहीतर त्याच कारणाने क्रेडिट परत करावं लागतं.

या महिन्याच्या १४ तारखेला दुपारच्या निवांत वेळेत टू-बी ची एक्सेल उतरवून घ्या. खरेदीची वही शेजारी ठेवा आणि एकेका बिलावर टिक करा. ज्यावर टिक होणार नाही त्याच्यापुढे लिहा, उशीर, चूक की बुडीत. तो कागद सीएंना द्या. मग २० तारखेला त्यांचा फोन आला तर आकडा तुम्हाला आधीच माहीत असेल.