पोटातला गोळा आणि उसनी फुलपाखरं

सांगलीतल्या एका शाळेत गेल्या आठवड्यात वक्तृत्व स्पर्धा होती. निवेदिकेनं पहिला क्रमांक असलेल्या मुलीला माइकवरूनच विचारलं, "काय गं, पोटात फुलपाखरं उडतायत का?" मुलगी जरा गोंधळली. मग म्हणाली, "नाही मॅडम, गोळा आलाय पोटात." सभागृह हसलं. श्रोत्यांत बसलेल्या सदरकारांना मात्र राग आला, आणि तो निवेदिकेचा नव्हता, त्या फुलपाखरांचा होता. इंग्रजीतून आलेली ही फुलपाखरं हल्ली मालिकांत, जाहिरातींत, लग्नाच्या व्हिडिओंत सगळीकडे उडतात. उसना वाक्प्रचार दिसला की सदरकारांच्या तळपायाची आग मस्तकाला जाते, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच.

भावना अंगात कुठं जाणवते, हे फिनलंडच्या संशोधकांनी 2013 मध्ये 701 जणांना विचारलं होतं. माणसाच्या कोऱ्या आकृतीवर त्यांनी रंग भरायचे होते. फिनलंड, स्वीडन आणि तैवानच्या लोकांनी रंगवलेले नकाशे बरेचसे जुळले. भीती वाटली की अॅड्रेनलिन वाढतं, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडं वळतं, पचन मंदावतं आणि पोटात काहीतरी आवळल्यासारखं होतं. हे सगळ्यांचंच होतं. त्याला नाव काय द्यायचं, ते मात्र ज्याची त्याची भाषा ठरवते.

मराठीनं दिलेलं नाव किती नेमकं आहे, ते पाहायला पालीच्या खंडोबाच्या जत्रेत पाळण्यात बसावं. पाळणा वर जाताना काही होत नाही. वरून झपकन खाली येताना आतले अवयव क्षणभर अधांतरी होतात आणि पोरं ओरडतात, "गोळा आला, गोळा आला!" व्यासपीठाच्या पायरीवर उभ्या असलेल्या मुलीला हेच वाटत होतं. पडण्याच्या आणि भीतीच्या जाणिवेला आपल्याकडं एकच शब्द आहे, कारण अंगाला त्या दोन्ही सारख्याच वाटतात. फुलपाखरू गुदगुल्या करतं, ते आवळत नाही. जर्मन माणूसही पोटातली फुलपाखरं म्हणतो, पण ती मुख्यतः प्रेमात पडल्यावर. तमिळमध्ये धास्तीसाठी पोटात चिंच कालवली असं म्हणतात. आंबट, आकसणारी, तोंडाला पाणी आणणारी ही उपमा सदरकारांना फुलपाखरापेक्षा कितीतरी खरी वाटते.

कालवणं मराठीतही आहे, पण ते भीतीसाठी नाही. थंडीत ऊसतोडीच्या फडात पाचटावर निजवलेलं तान्हं पोर दिसलं की बाईच्या पोटात कालवतं. तिथं "गोळा आला" म्हणून चालत नाही. शेजाऱ्याच्या द्राक्षाला दर चांगला मिळाला की पोटात दुखतं. जत तालुक्यात कन्नड बोलणारा शेतकरी त्यालाच 'होट्टेकिच्चु' म्हणतो, म्हणजे पोटातली आग. तेलुगूतही मत्सराला पोटाची जळजळच म्हणतात. त्याच पोटात मराठी माणूस दुसऱ्याचा अपराध घालतो आणि त्याच पोटातून पोटतिडकीनं बोलतो. राग मात्र आपण पोटाला दिला नाही. तो नाकावर बसतो, डोक्यात जातो. जपानी माणसाला राग आला की त्याचं पोटच उभं राहतं.

आणि काळीज? हा विषय सदरकारांना स्वस्थ बसू देत नाही. "काळजाचं पाणी झालं" म्हणताना हात छातीच्या डाव्या बाजूला जातो. रविवारी मटणाच्या दुकानात मात्र काळीज मागितलं की खाटीक यकृत तोलून देतो. त्याचं चुकत नाही. संस्कृतातही 'कालेय' म्हणजे यकृतच. फारसी-उर्दूचा जिगर तोच अवयव, आणि इंडोनेशियात मन दुखावलं तर 'हाती' दुखतं, तेही यकृतच. अनेक समाजांनी भावनेचं घर यकृतात मानलं होतं. मराठीनं शब्द तोच ठेवला आणि जागा वर, छातीत नेली. म्हणून काळीज भाषेत हृदय आहे आणि ताटात यकृत. हा बदल नेमका कधी झाला, ते जुनी कागदपत्रं आणि ओव्या चाळून कुणीतरी शोधायला हवं.

माण, खटाव, आटपाडी, जतकडच्या घरांत असे कितीतरी वाक्प्रचार म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी आहेत. ते शब्दकोशात सापडतीलच असं नाही. तुमची आजी भीती, माया, हेवा अंगात कुठं आणि कसा सांगते, ते ऐका आणि गावाच्या नावासह पोस्टकार्डावर या सदराकडं लिहून पाठवा.