पॉइंटच्या कार्डाखालची बारीक अक्षरे

खत-बियाण्यांच्या काही दुकानांतून हल्ली एक रंगीत कार्ड मिळते. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, 'खरेदी करा, पॉइंट जमवा, बॅटरी पंप मोफत मिळवा.' खाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत अटी असतात. पंपाचे चित्र सगळेच पाहतात. अटी मात्र दुकानदारसुद्धा वाचत नाही, असा माझा अनुभव आहे.

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांच्या हद्दीवरच्या एका बाजाराच्या गावी असेच एक कार्ड निघाले. गाव आणि दुकान यांची नावे सांगत नाही, कारण दुकानदार माणूस वाईट नाही. त्याने अटी स्वतः लिहिल्याच नव्हत्या. शहरातल्या एका मोबाइलच्या दुकानाचे पत्रक छापखान्यात पडले होते, त्यावरून त्याने त्या उतरवून घेतल्या. हंगाम संपल्यावर पंप मागायला आलेल्यांशी वादावादी होऊ लागली, तेव्हा तो कार्ड घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "साहेब, हे जरा सोप्या मराठीत करून द्या."

पहिली अट अशी होती: 'सदर योजनेंतर्गत गुण हे केवळ पात्र उत्पादनांच्या रोखीच्या खरेदीवर, प्रति देयक किमान रु. १०००/- इतक्या रकमेस अधीन राहून अनुज्ञेय राहतील.' एका वाक्यात तीन अटी कोंबलेल्या आहेत. त्यांनी काय होते, ते पाच एकरवाल्या एका घराचा हिशेब मांडून पाहू.

शंभर रुपयांना एक पॉइंट आणि तीनशे पॉइंटला पंप, असे कार्डावर होते. समजा या घराने खरिपात सोयाबीनचे बियाणे १२,००० रुपयांचे घेतले. डीएपीच्या पाच थैल्या १,३५० रुपयांप्रमाणे ६,७५० रुपयांच्या झाल्या, युरियाच्या तीन थैल्या सुमारे ८०० रुपयांच्या, आणि तण-किडीची औषधे ८,००० रुपयांची. एकूण २७,५५० रुपये. घरधन्याने मनात धरले, २७५ पॉइंट झाले, आता रब्बीत पंप नक्की.

आता अटी लावा. 'पात्र उत्पादने' म्हणजे अनुदानित खते सोडून. म्हणजे डीएपी आणि युरिया गेले, उरले २०,०००. 'रोखीच्या खरेदीवर' म्हणजे औषधांपैकी ५,००० रुपयांचा माल सोयाबीन विकल्यावर देतो म्हणून उधार घेतला होता, तोही गेला. उरले १५,०००. 'प्रति देयक किमान १००० रुपये' म्हणजे पावती हजारांच्या आतली असेल तर पॉइंट नाही. उरलेली ३,००० रुपयांची औषधे लागतील तशी सहाशे-सहाशेच्या पाच खेपांत रोखीने आणली होती, तीही गेली. शेवटी फक्त बियाणे उरले, म्हणजे १२० पॉइंट. पुढे रब्बीत हरभऱ्याचे बियाणे आणि औषधे मिळून ९,००० रुपये रोख दिले, त्याचे ९० धरा. वर्षाचे झाले २१०. त्यानंतर आणखी एक अट होती की ३१ मार्चला सारे पॉइंट रद्द. खताच्या आणखी दोन थैल्या धरून या घराने वर्षभरात जवळजवळ चाळीस हजारांचा माल त्या एका दुकानातून नेला, आणि हाती काही आले नाही.

मी हा हिशेब दुकानदारासमोर कागदावर मांडला. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "पण सगळ्यांनाच पंप द्यायचा म्हटला तर माझे दुकान बसेल." हे त्याचे म्हणणे खरे होते, आणि गोम तिथेच होती. तीस हजारांच्या खरेदीवर चोवीसशेचा पंप म्हणजे शंभरामागे आठ रुपये झाले. एवढे देणे त्याला परवडतच नव्हते. वरची मोठी ओळ परवडावी म्हणूनच खालच्या अटी होत्या. अशा अटी नुसत्या सोप्या भाषेत लिहून भागत नाही. आधी वरची ओळ खरी करावी लागते.

म्हणून आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. खतावर सुटणारे पैसे फार थोडे, ते त्याने बाजूला ठेवले. बियाणे आणि औषधांवर शंभरामागे खरोखर किती सोडता येईल, असे विचारले तेव्हा त्याने दोन रुपये सांगितले. मग पॉइंट कशाला हवेत? रुपयेच लिहा, म्हटले. पॉइंट म्हणजे किती, हे लक्षात ठेवायला दुसरा हिशेब लागतो, रुपया सगळ्यांना कळतो. वर मांडलेल्या घराला या नव्या हिशेबाने २९,००० रुपयांच्या खरेदीवर ५८० रुपये मिळतात. पंपाच्या चित्रापुढे रक्कम लहान दिसते, पण ती हातात पडते.

दुसरे, जी अट वरच्या ओळीचा अर्थच बदलते ती खाली ठेवायची नाही, वर आणायची. खतावर काही मिळणार नसेल, तर मोठ्या ओळीतच 'बियाणे आणि औषधांवर' असे आले पाहिजे. हा माझा हट्ट नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत हेच आहे. खालची तळटीप वरच्या दाव्याला छेद देऊ शकत नाही. ती दाव्याच्याच भाषेत, तशाच अक्षरांत आणि नजरेत भरेल अशा जागी हवी. वर मराठी आणि खाली इंग्रजी, हा प्रकार चालत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटली, म्हणून थोडे थांबून सांगतो. कार्डावर होते, 'बक्षीस स्वीकारतेवेळी सर्व मूळ देयके दुकानात जमा करणे बंधनकारक राहील.' वाचताना साधी वाटते. पण २०२० चा खरीप आठवा. सोयाबीन उगवले नाही म्हणून आपल्या भागात तक्रारींचा ढीग पडला, दुबार पेरण्या झाल्या, आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपणहून त्याची दखल घेतली. बियाणे उगवले नाही तर तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतात येते आणि उगवण मोजते. पण ते बियाणे कोणते, कोठून घेतले आणि कोणत्या लॉटचे, हे सांगणारी वस्तू म्हणजे पावती, रिकामी पिशवी आणि तिच्यावरचा टॅग. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचे झाले तरी हीच पावती लागते. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात मान्य केले आहे, आणि आयोगाकडे तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. ती मूळ पावती पंपासाठी दुकानात जमा केली, तर ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची वेळ येऊ शकते त्याच्याच हाती पुरावा गेला. दुकानदाराच्या मनात असे काही नव्हते. एकच पावती दोनदा दाखवली जाऊ नये, एवढीच त्याची भीती होती. त्यावर उपाय सोपा आहे. पावती पाहून तिच्यावर शिक्का मारावा आणि परत द्यावी.

'पूर्वसूचनेशिवाय योजना बंद करण्याचा अधिकार राखून ठेवला आहे' ही ओळ सगळीकडे असते, तशी इथेही होती. योजना बंद करायला हरकत नाही, पण जमलेले पैसे बुडता कामा नयेत. तसे लिहून घेतले. 'टंचाईच्या काळात युरियासाठी कार्डधारकांना प्राधान्य' ही ओळ मात्र मी सरळ खोडली. अनुदानित खताला दुसऱ्या मालाची जोड लावायला मनाई आहे, आणि या कार्डाने आडमार्गाने तेच झाले असते.

नवे कार्ड असे उतरले:

'बियाणे आणि औषधांच्या खरेदीवर दर १०० रुपयांमागे २ रुपये परत. खतांवर परतावा नाही. पावती लहान असली तरी चालेल. उधारीचा माल असेल तर पैसे चुकते कराल त्या दिवशी परतावा जमा होईल. जमलेली रक्कम पुढच्या बिलातून वजा करून घ्या किंवा रोख न्या. येताना पावती आणा, शिक्का मारून लगेच परत देऊ. दरवर्षी ३१ मार्चला शिल्लक रक्कम रद्द होईल. योजना बंद करायची झाली तर ३० दिवस आधी दुकानाच्या फळ्यावर लिहू.'

छापण्याआधी एक परीक्षा घेतली. दुकानात आलेल्या पाच-सहा जणांना कार्ड एकदा वाचून दाखवले आणि 'कळले का?' असे न विचारता हिशेब विचारला. कळले का म्हटले की माणूस मान डोलावतोच. "सातशेचे औषध उधार नेले, दोन थैल्या डीएपी रोख नेली. आज किती जमले?" उत्तर होते, आज काहीच नाही, उधारी फिटल्यावर चौदा रुपये. बहुतेकांनी बरोबर सांगितले. एका बाईंनी मात्र विचारले, "उधारी थोडी-थोडी दिली तर?" हे आम्हा दोघांच्या डोक्यात आले नव्हते. तेव्हा 'जेवढे पैसे द्याल तेवढ्यावर त्याच दिवशी' असा बदल त्या ओळीत झाला, आणि मग कार्ड छापखान्यात गेले.

मुदतीवर मात्र आमचे एकमत झाले नाही. तूर उशिरा विकून उधारी एप्रिलात फेडणारी घरे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांची आधीची शिल्लक ३१ मार्चला जाते, म्हणून तारीख ३१ मे करा, असे मी म्हटले. त्याचा हिशेब मार्चअखेर बंद होतो, म्हणून त्याने ऐकले नाही. निदान ती ओळ इतर ओळींएवढ्याच अक्षरांत छापली आहे. तुमच्या घरात असे कार्ड असेल तर फेब्रुवारीतच शिल्लक विचारा आणि ती रोख घेऊन या. बियाण्याची मूळ पावती कुणी ठेवून घेऊ लागला तर देऊ नका, आणि वाद झाला तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे मराठीतही बोलता येते.