उलटी झाली म्हणजे रस लागू पडला?

जून २०१८ मध्ये पुण्यातल्या एका ४१ वर्षांच्या महिलेने सकाळी धावून आल्यावर ग्लासभर दुधीचा रस घेतला. थोड्याच वेळात उलट्या आणि जुलाब सुरू झाले. रुग्णालयात दाखल केलं, उपचार झाले, पण चार दिवसांत ती दगावली. तब्येतीकडे दुर्लक्ष करणारी ही बाई नव्हती, उलट तब्येतीला जपण्यासाठीच तो रस होता. त्याआधी २०१० साली दिल्लीत सीएसआयआरच्या एका शास्त्रज्ञाचा मृत्यूही असाच झाला होता. नवरा-बायको दोघांनी दुधी आणि कारल्याचा एकत्र रस घेतला, तो नेहमीपेक्षा कडू लागला, तरी घेतला. दोघेही आजारी पडले. बायको वाचली, नवरा गेला.

दिल्लीच्या घटनेनंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा सल्ला इतका साधा आहे की तो भाजीवालीनेही दिला असता: रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा कच्चा चाखून बघा, कडू लागला तर अख्खा दुधी फेकून द्या, आणि दुधीच्या रसात दुसऱ्या कशाचा रस मिसळू नका.

शेवटची अट नीट समजून घ्यायला हवी. दुधी, काकडी, दोडका, पडवळ ही सगळी एका कुळातली. या कुळाकडे किडीपासून बचावासाठी कुकुरबिटासिन नावाची अतिकडू द्रव्यं असतात. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून शेतकऱ्यांनी खायच्या वाणांतून ती जवळजवळ घालवली, पण पाण्याचा ताण, कडक ऊन किंवा बियाण्यात मिसळलेला रानटी वाण अशा कारणांनी एखाद्या फळात ती पुन्हा उतरतात. बाहेरून काही कळत नाही. हिरवागार, कोवळा, नखाने सहज टोचला जाणारा दुधीसुद्धा कडू निघू शकतो. शिजवूनही हा कडूपणा भरवशाने जात नाही. मात्र भाजी कडू लागली की माणूस पहिल्याच घासाला ताट सारतो. रसाचं तसं नाही. अर्धा किलो कच्चा दुधी एका ग्लासात मावतो, वर आवळा, लिंबू, पुदिना, काळं मीठ पडतं आणि नाक दाबून तो एका दमात घशाखाली जातो. त्यात कारलं घातलं की कडूपणा अपेक्षितच होतो, आणि जिभेचा इशारा ऐकणारं कोणी उरत नाही.

कुकुरबिटासिन पोटाच्या आणि आतड्याच्या अस्तराला इजा करतं. जोरदार उलट्या होतात, पोटात पीळ पडतो, कधी उलटीत रक्त दिसतं, आणि रक्तदाब झपाट्याने उतरतो. यावर उतारा नाही. सलाइन, रक्तदाब सावरणारी औषधं आणि सतत देखरेख, एवढंच डॉक्टरांच्या हाती असतं. २०२१ मध्ये लेखिका-दिग्दर्शिका ताहिरा कश्यप यांनी स्वतःचा अनुभव जाहीरपणे सांगितला होता. दुधी, हळद, आवळ्याचा रस त्या नेहमी घेत. एके दिवशी तो कडू होता. १७ वेळा उलट्या झाल्या, रक्तदाब ४० पर्यंत खाली आला, आणि त्यांना अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं.

आता या प्रकरणाची दुसरी बाजू. ‘डिटॉक्स’ शिकवणाऱ्यांच्या शब्दकोशात मळमळ ही तक्रार नसते, ती प्रगती असते. ‘शरीरातली घाण बाहेर पडतेय, थांबू नका, उद्या हलकं वाटेल.’ शिवाजी पार्कच्या कट्ट्यापाशी सकाळी रस घेणाऱ्या मंडळींत हे वाक्य कधी ना कधी कानावर पडतंच. या एका समजुतीने जितकं नुकसान होतं, तितकं रसाने होत नाही. यकृत आणि मूत्रपिंडं शरीरातली टाकाऊ द्रव्यं बारा महिने बाहेर काढत असतात, आणि त्यासाठी कोणाला ओकारी येत नाही.

मळमळीला कारण असतं आणि ती कधी सुरू झाली यावरून ते बरंचसं ओळखता येतं. कडू रस प्यायल्यावर काही मिनिटांत ते तास-दोन तासांत उलट्या लागल्या, तर संशय दुधीवर. फक्त रसावर राहायला लागल्यावर पहिल्या-दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतंय, मळमळतंय, हात थरथरतायत, तर ती भूक आहे आणि बऱ्याचदा चहाची तलफ. दिवसाला चार-पाच कप चहा घेणाऱ्याने तो एकदम सोडला की कॅफीन तुटल्याने डोकं दुखतं. ‘विषारी द्रव्यं निघतायत’ असं ज्याला म्हटलं जातं, ते अनेकदा अर्धा कप चहाने बरं होतं. आणि रस घेऊन दिवस-दोन दिवस झाल्यावर ताप, पोटात कळा, पातळ शौच, तर जंतू.

जंतूंच्या बाबतीत गव्हांकुराची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ते घरात उगवले म्हणून शुद्ध, असा सगळ्यांचा समज असतो. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीतही त्यांची सोय होते. गहू रात्रभर भिजवायचा, फडक्यात बांधून मोड आणायचे, ट्रेमध्ये मातीवर पसरायचे, दोन दिवस झाकून ठेवायचे आणि गॅलरीत किंवा खिडकीत ठेवून आठव्या दिवशी वीतभर पात कापायची. मग मिक्सरमध्ये थोड्या पाण्यासोबत फिरवून फडक्याने गाळायची. खर्च जवळजवळ नाही. पण भिजलेलं बी, ऊब आणि ओल या तीन गोष्टी जशा अंकुराला हव्या असतात, तशाच जीवाणूंनाही. बीवर मुळात थोडे जंतू असले, तरी मोड येईपर्यंत त्यांची संख्या प्रचंड वाढते. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलायचा एक घातक प्रकार पसरला. जवळपास चार हजार लोक आजारी पडले आणि ५० हून अधिक दगावले. तिथली शेतं अस्वच्छ होती असं नव्हे, संशय थेट आयात बियाण्यावर गेला होता.

त्यात मुंबईचा पावसाळा. जुलैत गॅलरीतला ट्रे वाळतच नाही आणि दाट पातींच्या बुडाशी बुरशी धरते. इथे एक गफलत नेहमी होते. कोवळ्या मुळांना बारीक पांढरी लव असते, तीही बुरशीसारखी दिसते. ओळखायचं सोपं आहे: पाणी शिंपडलं की लव मुळाला चिकटून दिसेनाशी होते. बुरशी मात्र कापसासारखी, एका पातीतून दुसऱ्या पातीत जाळं विणलेली असते, हळूहळू करडी किंवा निळसर होते, आणि ट्रे नाकाशी नेला की बंद कपाटाचा कुबट वास येतो. असा ट्रे धुऊन वापरायचा नाही, टाकून द्यायचा. पेरणीच्या बियाण्याचा गुलाबी-लाल रंगाचा गहूही यासाठी चालत नाही, त्यावर बुरशीनाशक असतं. ऑगस्ट २०२५ मध्ये बीडीडीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तिथे जागा मोठी, खिडक्या मोठ्या. हवा मात्र वरळीच्या समुद्राचीच, दमट.

बाहेरच्या रसात जंतूंना आणखी एक वाट मिळते, ती बर्फाची. खाण्यायोग्य नसलेला बर्फ सरबतात आणि रसात जाऊ नये म्हणून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये तो निळा करण्याचा आदेश काढला. रसवाल्याकडचा बर्फ पांढरा दिसतो म्हणून तो पिण्याच्या पाण्याचा आहे, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. ‘बर्फ नको’ म्हणायला पैसे पडत नाहीत.

खरं तर निरोगी माणसाने ताजा, स्वच्छ गव्हांकुराचा ३० मिलिलिटर रस घेतला तर बहुधा काही बिघडत नाही, फारतर गवताच्या उग्र चवीने रिकाम्या पोटी ढवळतं. काही बिघडत नाही म्हणजे काही सुधारतंच असं मात्र नाही. हरितद्रव्याची रचना हिमोग्लोबिनशी मिळतीजुळती असते, म्हणून याला ‘हिरवं रक्त’ म्हणतात. पण हरितद्रव्यात मॅग्नेशियम असतं, लोह नाही, आणि शरीर एकाचं दुसरं करत नाही. ही लाट जगभर नेणाऱ्या बोस्टनच्या अ‍ॅन विगमोर यांच्या पद्धतीने मधुमेहींची इन्सुलिनची गरज कमी होते किंवा संपते, असा दावा होता. मॅसॅच्युसेट्सच्या अ‍ॅटर्नी जनरलने १९८२ मध्ये त्यांना कोर्टात खेचलं आणि तो दावा त्यांना सोडावा लागला.

बोस्टनमधला तो दावा चाळीतल्या मधुमेहींपर्यंत अजून पोचतो, आणि धोका तिथेच आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू ठेवून जेवण बंद करून भाजीच्या रसावर राहिलं की साखर धोकादायकरीत्या खाली येते. घाम, थरथर, गोंधळलेलं बोलणं, हे ‘डिटॉक्स’ नव्हे. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातली गोळी घेणाऱ्याचं संकट उलट्या जातीचं. उपाशी राहिल्यावर रक्तात आम्ल साचतं, मळमळ आणि धाप लागते, आणि ग्लुकोमीटर जवळजवळ नॉर्मल आकडा दाखवत असतो. त्यामुळे घरचे निर्धास्त राहतात.

हृदयाची झडप बदललेले आणि अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉरफरिन घेणारे रुग्ण गिरणगावात कमी नाहीत. हिरव्या पाल्यात ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते या गोळीच्या विरुद्ध काम करतं. रोजच्या आहारात नसलेला पालक-गव्हांकुराचा रस अचानक सुरू केला की रक्त घट्ट होऊन झडपेवर गुठळी धरू शकते, आणि अचानक बंद केला की रक्तस्राव होऊ शकतो. मूत्रपिंड कमजोर असणाऱ्यांना पालेभाज्यांतलं पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. पालक-बिटातल्या ऑक्झलेटचे स्फटिक तर धडधाकट मूत्रपिंडातही अडकू शकतात. केरळमध्ये बिलिंबीचा आंबट रस कोलेस्टेरॉलसाठी पिणाऱ्या दहा जणांची मूत्रपिंडं अशीच बंद पडल्याची नोंद २०१३ मध्ये डॉक्टरांनी केली. त्यातल्या बहुतेकांना डायलिसिस लागलं. ते बरे झाले, पण वेळेवर पोचले म्हणून.

परळच्या टाटा रुग्णालयाच्या आसपास राहून केमोथेरपी घेणाऱ्यांना नातेवाईक प्रेमाने गव्हांकुराचा रस आणून देतात. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. ट्रेमधली जी बुरशी दुसऱ्याला नुसती ढवळवेल, ती तेव्हा त्यांच्या फुप्फुसापर्यंत जाऊ शकते. या काळात कच्चा रस नको, कितीही घरचा असला तरी. गरोदर बाया, लहान मुलं, सत्तरीपुढचे लोक आणि जेवणाशीच भांडण असलेल्या तरुण मुली यांनीही रसावरचे उपास करू नयेत. आणि तीन दिवसांत दोन किलो उतरले म्हणून हुरळून जाण्यात अर्थ नाही. साठवलेली साखर आणि तिच्यासोबतचं पाणी गेलेलं असतं, जेवायला लागलं की ते परततं.

रस कडू लागला आणि उलट्या सुरू झाल्या, तर ‘संध्याकाळपर्यंत बघू’ म्हणू नका. माणसाला आडवं करा, वरळीहून केईएम किंवा नायर जे लवकर गाठता येईल तिथे तातडीच्या विभागात न्या, आणि किती वाजता, काय, किती प्यायलं ते सांगा. उरलेला रस आणि दुधीचा तुकडा टाकू नका, पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवायला सोबत घ्या.