विश्लेषण : ‘लुकअलाइक’ जाहिराती भलत्यांपर्यंत का पोहोचतात?

एखाद्या दुकानात कधी पाऊल ठेवलेले नसते, त्याचे संकेतस्थळही उघडलेले नसते. तरी त्याची जाहिरात मोबाइलवर येऊ लागते. त्यामागे अनेकदा दुसऱ्याच कुणी केलेली खरेदी असते. जुन्या ग्राहकांच्या यादीवरून त्यांच्यासारखे नवे लोक शोधण्याच्या या पद्धतीला ‘लुकअलाइक ऑडियन्स’ म्हणतात. फेसबुकने ती २०१३ मध्ये आणली. तिची पोहोच जाहिरातदाराच्या अंदाजापलीकडे का जाते?

ग्राहकांची यादी कशी वापरली जाते?

समजा, ऑनलाइन पैठणी विकणाऱ्या येवल्यातील एका व्यापाऱ्याकडे २ हजार ग्राहकांचे मोबाइल क्रमांक आहेत. तो ही यादी फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरात खात्यात चढवतो. चढवताना प्रत्येक क्रमांकाचे ‘हॅशिंग’ होते, म्हणजे तो सांकेतिक अक्षरांत बदलतो. ही अक्षरे कंपनीकडील खात्यांच्या तशाच अक्षरांशी ताडली जातात. काहींनी खात्याला दुसरा क्रमांक जोडलेला असतो, काहींचे खातेच नसते. त्यामुळे समजा १,४०० जण जुळले. एका देशातील किमान १०० जण जुळल्याशिवाय पुढचे काम होत नाही. हजार ते पाच हजारांची यादी बरी समजली जाते.

मग ‘सारखे’ लोक कसे ठरतात?

व्यापाऱ्याला वाटते, आपल्या ग्राहकांसारख्या काही हजार जणांची नावे निघतील. प्रत्यक्षात तसे होत नाही. या १,४०० जणांत काय समान आहे, हे यंत्रणा पाहते आणि देशभरातील वापरकर्त्यांची साधर्म्यानुसार क्रमवारी लावते. मूळ ग्राहक वगळले जातात आणि व्यापाऱ्याने निवडलेल्या टक्क्यावर ही रांग कापली जाते. हा टक्का १ ते १० असतो आणि तो ग्राहकयादीचा नव्हे, तर देशाचा असतो. घोळ इथेच होतो. देशात ३० कोटी वापरकर्ते धरले, तर सर्वांत काटेकोर १ टक्का म्हणजेही ३० लाख लोक. रांगेतील पहिला आणि तीस लाखावा यांच्यातील साधर्म्य सारखे नसणार, हे उघड आहे.

यादीतच भेसळ असेल तर?

व्यापाऱ्याच्या २ हजारांपैकी ३०० जण घाऊक खरेदी करून पुढे विकणारे असतील आणि ७०० जणांनी दिवाळीच्या सवलतीत एकदाच खरेदी केलेली असेल, तर यंत्रणेला हा भेद कळत नाही. तिच्या लेखी सारे ‘ग्राहक’च. परिणामी पैठणीच्या हौशी ग्राहकांऐवजी सवलत शोधणारे आणि कापडाचे व्यापारी समोर येतात. सुरतहून ‘होलसेल रेट काय?’ असे संदेश येऊ लागले, की दोष बहुधा जाहिरातीच्या चित्रात नसतो, यादीत असतो. दोनदा पूर्ण किमतीत खरेदी करणाऱ्यांचीच वेगळी यादी चढवली, तर ती लहान असूनही अधिक उपयोगी ठरू शकते.

कापलेल्या रांगेबाहेरही जाहिरात जाते?

हो. अलीकडच्या वर्षांत मेटाने ही मर्यादा सैल केली आहे. खरेदीसारखे उद्दिष्ट निवडले, की बाहेरच्या लोकांकडून चांगला प्रतिसाद मिळेल असे यंत्रणेला वाटल्यास ती रांगेपलीकडे जाते. नव्या स्वयंचलित रचनेत तर व्यापाऱ्याची निवड हा आदेश नसून केवळ सूचना मानली जाते. ठिकाण आणि ‘यांना दाखवू नका’ अशी दिलेली यादी मात्र पाळली जाते. त्यामुळे घाऊक खरेदीदारांचे क्रमांक वगळण्याच्या यादीत टाकले, तर निदान त्यांच्यावर पैसे जात नाहीत. खर्च कुठे झाला, हे अहवालात वय, लिंग आणि प्रदेशानुसार फोड करून पाहता येते. एकूण ‘रीच’चा आकडा काहीच सांगत नाही, तो मोठा दिसतो इतकेच.

यात भेदभावाचा प्रश्न कसा आला?

साधर्म्य शोधताना यंत्रणा जुन्या ग्राहकवर्गाची ठेवणही उचलते. अमेरिकेत घर, नोकरी आणि कर्जाच्या जाहिरातींबाबत हाच आक्षेप होता. २०१९ मधील तडजोडीनंतर फेसबुकने अशा जाहिरातींसाठी वय, लिंग, पिन कोड न वापरणारी वेगळी पद्धत आणली. तरीही ती भेदभाव करू शकते, असे तेथील न्याय विभागाचे म्हणणे होते. जून २०२२ मधील तडजोडीत मेटाने ती बंद करण्याचे मान्य केले. वंश किंवा लिंग विचारले नाही, तरी सवयींतून त्याचा माग लागतो, ही त्यातील खरी अडचण होती.

वापरकर्त्याला हे कळते का?

थोडेफार. जाहिरातीवरील तीन टिंबांवर ‘Why am I seeing this ad?’ हा पर्याय असतो. जाहिरातदाराच्या ग्राहकांशी साधर्म्य असल्याचे कारण तिथे दिसू शकते. कोणती सवय जुळली, हे मात्र तिथे नेमके उलगडत नाही. आणि ते येवल्याच्या व्यापाऱ्यालाही दिसत नाही.