अर्ज फेटाळला गेला तर?

नागरिकत्व सुधारणा कायदा २०१९ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी अधिसूचित झाले. अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा बिगर-मुस्लिम समुदायांतील स्थलांतरितांना त्याने बेकायदा वास्तव्यातून नागरिकत्वाकडे जाण्याचा मार्ग दिला. तरीही, ज्यांनी ही मागणी लावून धरली होती, त्या पश्चिम बंगालमधील मतुआ समाजातील अनेक जण अर्ज करण्यास कचरतात. या भीतीचे मूळ कायद्याच्या रचनेतच आहे.

समजा, २००९ मध्ये सीमा ओलांडून उत्तर चोवीस परगण्यात स्थायिक झालेला एक शेतमजूर आहे. त्याच्याकडे शिधापत्रिका आहे, मतदार ओळखपत्रही आहे. प्रवेशाची तारीख तो भारतीय कागदपत्रांवरून सिद्ध करू शकतो. परंतु आपण मूळचे बांगलादेशी असल्याचा पुरावा, घरदार सोडून पळालेल्या माणसाकडे बहुधा नसतो. अर्ज करताना मात्र त्याला आपण परदेशी असल्याचे लेखी नमूद करावे लागते. टपाल खात्यातील अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समिती कागदपत्रे तपासते. अंतिम निर्णय जनगणना संचालकांच्या अध्यक्षतेखालील अधिकारप्राप्त समिती घेते.

अर्ज मंजूर झाल्यास प्रवेशाच्या दिवसापासून नागरिकत्व मिळते आणि बेकायदा स्थलांतराबाबतची प्रलंबित कारवाई संपुष्टात येते. निर्णय होईपर्यंतच्या काळासाठी कलम ६ ब सांगते की, अर्जाच्या दिवशी ज्या हक्कांना अर्जदार पात्र होता, ते केवळ अर्ज केला म्हणून हिरावले जाणार नाहीत. मेख आहे ती ‘पात्र’ या शब्दात. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२६ नुसार मताधिकार केवळ नागरिकाला आहे. मग स्वतःला परदेशी म्हणवणारा त्या हक्काला पात्र होता, असे कसे म्हणणार? आणि अर्ज फेटाळला गेल्यास त्यातील कबुलीचे काय होणार, याविषयी हे कलम मौन बाळगते. पश्चिम बंगालमध्ये नोव्हेंबर २०२५ मध्ये मतदारयाद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाल्यावर हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही.

याच कायद्यातील आसामविषयक कलम ६ अ याबाबत अधिक स्पष्ट आहे. १ जानेवारी १९६६ ते २४ मार्च १९७१ या काळात आलेली व्यक्ती परदेशी ठरली, तर तिने विहित मुदतीत नोंदणी करायची. पुढील दहा वर्षे तिला पारपत्रासह नागरिकाचे सर्व हक्क, फक्त मतदान नाही. त्यानंतर पूर्ण नागरिकत्व. नोंदणी चुकल्यास हे संरक्षण गमावण्याची जोखीम आहे; मात्र मधल्या काळात काय मिळेल आणि काय नाही, हे आधीच ठाऊक असते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये हे कलम वैध ठरवले.

हीच स्पष्टता कलम ६ ब मध्ये आणता येईल. प्रलंबित काळातील हक्कांची यादी द्यावी आणि फेटाळलेल्या अर्जातील निवेदन अर्जदाराविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही, असे संसदेने नमूद करावे. तोपर्यंत, कागदपत्रांत त्रुटी असलेल्या माणसाला गप्प राहणेच शहाणपणाचे वाटेल.